आठ मिलिमीटरची घरची रिळे : स्कॅननंतरची लुकलुक, थरथरणारी फ्रेम आणि तांबूस पडलेले रंग

वैजयंती_नाशिक

माझ्या मोठ्या काकांनी 1966 ते 1971 या काळात चावीच्या कॅमेऱ्याने चित्रित केलेली अकरा रिळे आमच्याकडे आहेत. सगळी साध्या आठ मिलिमीटरची, प्रत्येकी पन्नास फुटांची आहेत. मागील महिन्यात ती एका दुकानातून स्कॅन करून घेतली आणि त्यांनी प्रत्येक रिळाची एक MP4 फाइल दिली. चित्र पाहून आनंद झाला, पण तीन गोष्टी सतत खटकत आहेत.

पहिली म्हणजे लुकलुक. वाड्याच्या अंगणातील मुंजीच्या दृश्यांत उजेड सेकंदातून कित्येकदा कमीजास्त होतो. दुसरी, फ्रेम वरखाली थरथरते आणि शिवाय हळूहळू डावीउजवीकडे सरकत राहते. तिसरी गोष्ट रंगांची. अकरापैकी तीन रिळांचे रंग आजही टवटवीत आहेत, उरलेली आठ मात्र तांबडी झाली आहेत. आजीची हिरवी नऊवारी एका रिळात हिरवीगार दिसते आणि त्याच दिवशीच्या दुसऱ्या रिळात विटकरी. चांगल्या रिळांच्या डब्यांवर कोडाक्रोम असे लिहिले आहे, तर तांबड्या रिळांच्या डब्यांवर ओर्वोक्रोम.

मला ffmpeg थोडेफार चालवता येते आणि पायथनची तोंडओळख आहे. यातले आधी काय दुरुस्त करावे आणि कशाने करावे, हे जाणकारांनी सांगावे अशी विनंती आहे.

अनिकेत_ठाणे

ताई, हे तिन्ही दोष एका बैठकीत जातात. ffmpeg मध्ये लुकलुक काढणारे फिल्टर आहे आणि हलणारे चित्र स्थिर करणारेही आहे. मी आमच्या दोन रिळांवर हीच आज्ञा चालवली होती आणि समाधानकारक उत्तर मिळाले.

```
ffmpeg -i reel01.mp4 -vf "deflicker=size=10:mode=pm" -crf 14 reel01_df.mp4
```

त्यानंतर `vidstabdetect` आणि `vidstabtransform` अशा दोन फेऱ्या करा आणि शेवटी कोणत्याही संपादन प्रणालीत रंगांचा स्वयंचलित समतोल लावा. फार खोलात शिरण्याची गरज नाही.

वैजयंती_नाशिक

अनिकेत, तुमची आज्ञा मुंजीच्या रिळावर चालवून पाहिली. स्थिर दृश्यांत लुकलुक बरीच कमी झाली, त्याबद्दल आभार. मात्र एके ठिकाणी पांढऱ्या लुगड्यातील आत्या कॅमेऱ्यासमोरून जाते, तेव्हा मागची भिंत हळूच काळवंडते आणि ती गेल्यावर पुन्हा उजळते. मूळ स्कॅनमध्ये असे होत नव्हते. स्थिरीकरणानंतर तर आणखी विचित्र घडले. बटूभोवती माणसे फेर धरून फिरतात त्या दृश्यात माणसांबरोबर वाडाच डोलू लागला.

रीळघर

वैजयंतीताई, आपण पाहिलेल्या दोन्ही गोष्टी त्या फिल्टरांच्या कामाच्या पद्धतीतून आल्या आहेत. `deflicker` फक्त संपूर्ण फ्रेमचा सरासरी उजेड पाहते. पांढरे लुगडे फ्रेममध्ये आले की सरासरी वाढते, आणि ते लुगड्यामुळे वाढले की दिव्यामुळे, हे त्या फिल्टरला कळायला मार्ग नसतो. स्थिरीकरणाचेही तसेच आहे. फ्रेमचा बराचसा भाग हलत असेल, तर तीच कॅमेऱ्याची हालचाल आहे असे ते समजते.

माझी पद्धत अशी आहे की, दोष कोणत्या टप्प्यावर लागला हे आधी ठरवायचे आणि जो सर्वांत शेवटी लागला तो सर्वांत आधी काढायचा. आपल्या रिळांना आधी कॅमेऱ्यातील दोष लागले, मग पन्नास वर्षांत रंग उडाले आणि अखेरीस स्कॅनरने आपली भर घातली. म्हणून स्कॅनरपासून सुरुवात करून मागे जावे लागेल.

आता मुख्य प्रश्न. दुकानाने दिलेल्या चित्रात फिल्मच्या कडेची छिद्रे दिसतात का? मला वाटते, त्यांनी ती कापून टाकली असावीत, आणि दुरुस्तीसाठी लागणारी मापे नेमकी त्या कापलेल्या भागातच असतात. छिद्रात फिल्म नसते, तेथून स्कॅनरच्या दिव्याचा उजेड थेट येतो. त्यामुळे दोन फ्रेममध्ये छिद्राचाच उजेड बदलला असेल, तर तो दोष निःसंशय स्कॅनरचा, बहुधा त्याच्या स्वयंचलित एक्स्पोजरचा. छिद्र स्थिर आणि चित्र तेवढे लुकलुकत असेल, तर दोष फिल्ममध्येच आहे. हा निवाडा झाल्याशिवाय कोणतेही फिल्टर लावू नये असे माझे मत आहे.

जमल्यास दुकानाकडे पुन्हा जा आणि एकाच रिळाचे नवे स्कॅन मागा. छिद्र पूर्ण दिसेल इतका कडेचा भाग ठेवावा, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून बांधून टाकावा, छिद्राचा उजेड कमाल पातळीच्या साधारण पाच षष्ठांश राहील असा ठेवावा आणि प्रत्येक फ्रेमची सोळा बिटांची वेगळी TIFF द्यावी, असे स्पष्ट सांगा. छिद्र पूर्ण पांढरे होऊन कमाल पातळीला टेकले, तर त्यातले चढउतार दिसत नाहीत आणि ते मापासाठी निरुपयोगी ठरते.

प्रभाकर_बेळगाव

मलाही हाच त्रास आहे. आमच्या वडिलांची रिळे 1993 मध्ये भिंतीवर प्रोजेक्टरने दाखवून व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपली आणि कॅसेटवर घेतली. त्या चित्रात उजेड लाटेसारखा येतो आणि जातो. मूळ रिळे नंतर घर बदलताना हरवली. वर सांगितलेली छिद्रे मला कॅसेटवर कोठेच दिसत नाहीत. ती कशी शोधावीत?

रीळघर

प्रभाकरकाका, आपल्या चित्रात छिद्रे नसणारच, कारण प्रोजेक्टर फक्त चित्राची चौकट भिंतीवर टाकतो. आपली लुकलुक वेगळ्या जातीची आहे. प्रोजेक्टरच्या झडपेला बहुधा तीन पाती असतात. सेकंदाला 18 फ्रेमने चालवला की भिंतीवर सेकंदाला 54 वेळा उजेड पडतो, आणि आपल्याकडचा व्हिडिओ कॅमेरा सेकंदाला 50 फील्ड टिपतो. 54 आणि 50 यांतील फरकामुळे सेकंदाला चार लाटा दिसतात. म्हणूनच जुने जाणते लोक प्रोजेक्टरचा वेग कमी करून सेकंदाला 16⅔ फ्रेमवर आणत, म्हणजे तिपटीने बरोबर 50 झाले आणि लाट थांबली.

मूळ रिळे नसल्याने येथे अनिकेत यांचा मार्गच योग्य आहे, पण फिल्टरची खिडकी लाटेच्या लांबीनुसार ठेवा. सेकंदाला 50 फील्डमध्ये चार लाटा म्हणजे एक लाट साडेबारा फील्डची. दोन पूर्ण लाटा मावतील अशी 25 ची खिडकी घ्या आणि फील्ड वेगळे केल्यावरच फिल्टर लावा.

```
ffmpeg -i tape.avi -vf "bwdif=mode=send_field,deflicker=size=25:mode=am" -crf 14 tape_df.mp4
```

लाट पूर्णपणे जाणार नाही, कारण दोन फ्रेम एकमेकींत मिसळलेले फील्ड तसेच राहतील आणि प्रोजेक्टरचा वेगही सारखा नसणार. प्रत्येक दृश्य वेगळे तोडून चालवल्यास पांढऱ्या लुगड्यासारखा प्रकार कमी होईल.

वैजयंती_नाशिक

दुकानदारांनी सहकार्य केले. मुंजीचे रिळ त्यांनी पुन्हा स्कॅन करून दिले. जवळपास 4000 TIFF आल्या. आपण सांगितलेले सारे झाले, फक्त एक्स्पोजर त्यांच्या यंत्रात बांधता येत नाही असे म्हणाले. छिद्र मात्र पूर्ण दिसते आणि कमाल पातळीच्या खाली आहे.

छिद्राच्या मध्यभागाचा एक लहान चौकोन घेऊन प्रत्येक फ्रेममधील त्याची सरासरी काढली. 65535 पैकी सर्वांत कमी आकडा 41 हजारांच्या आसपास आणि सर्वांत मोठा 52 हजारांच्या वर आहे. आत्या समोरून जाते त्या ठिकाणी छिद्रही स्पष्टपणे मंद होते. म्हणजे मूळ स्कॅनमध्येही हा प्रकार होता, मला तो दिसला नव्हता इतकेच.

रीळघर

उत्तम. निम्मे काम झाले. एक्स्पोजर बांधता आले नाही तरी बिघडत नाही, कारण त्याने किती चूक केली याची नोंद छिद्रात आहे. प्रत्येक फ्रेमला त्याच फ्रेमच्या छिद्राच्या आकड्याने भागायचे आणि सगळ्या छिद्रांच्या मध्यकाने गुणायचे. तिन्ही रंगांसाठी वेगवेगळे केले, तर यंत्राने मधूनच बदललेला व्हाइट बॅलन्सही सरळ होतो.

```
import cv2, glob, numpy as np
files = sorted(glob.glob("scan/*.tif"))
box = (slice(60, 110), slice(90, 140))
hole = np.array([cv2.imread(f, -1)[box].mean(axis=(0, 1)) for f in files])
ref = np.median(hole, axis=0)
for f, h in zip(files, hole):
    im = cv2.imread(f, -1).astype(np.float32) * (ref / h)
    cv2.imwrite(f.replace("scan", "flat"), im.clip(0, 65535).astype(np.uint16))
```

`box` मधील आकडे आपल्या छिद्रानुसार बदला आणि `flat` नावाचा फोल्डर आधी तयार ठेवा. साध्या आठ मिलिमीटरचे छिद्र 1.83 मिलिमीटर रुंद आणि 1.27 मिलिमीटर उंच असते, म्हणजे चित्राच्या मानाने बरेच मोठे. त्यामुळे फ्रेम थरथरली तरी लहान चौकोन छिद्राबाहेर जात नाही. एखाद्या फ्रेमचा आकडा शेजाऱ्यांपेक्षा फारच कमी आला, तर छिद्रात धूळ किंवा केस अडकला आहे असे समजावे आणि तेथे शेजारच्या फ्रेमचा आकडा वापरावा.

अनिकेत_ठाणे

हे मला ठाऊक नव्हते आणि पटलेही. मात्र स्थिरीकरणासाठीही छिद्रच धरायचे असेल, तर एक शंका आहे. मी एकदा छिद्र धरून रिळ स्थिर केले होते. छिद्र खिळ्यासारखे जागेवर बसले, पण चित्र तरीही वरखाली थरथरत होते. म्हणूनच मी चित्रावरून स्थिर करण्याकडे वळलो.

जुनी_लॅब

मी मुंबईतील एका प्रयोगशाळेत बरीच वर्षे सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर काम केले आहे, म्हणून या शंकेबद्दल लिहितो. अनिकेत यांनी पाहिले ते खरे आहे आणि त्याचे कारण कॅमेऱ्यात आहे. चावीच्या स्वस्त कॅमेऱ्यातील नखी प्रत्येक वेळी फिल्म तंतोतंत त्याच जागी थांबवत नाही. म्हणून छिद्राच्या तुलनेत चित्रच प्रत्येक फ्रेमला थोडे वेगळ्या जागी उमटलेले असते. छिद्र धरल्याने स्कॅनरची थरथर जाते, कॅमेऱ्याच्या नखीची राहते.

पण चित्राची चौकट कशाने तयार होते, ते आठवा. कॅमेऱ्यात फिल्मच्या पुढे धातूची एक खिडकी असते आणि तिच्या कडांची सावली प्रत्येक फ्रेमभोवती काळ्या रेघेच्या रूपाने उमटते. ती खिडकी आणि भिंग कॅमेऱ्यात पक्के बसवलेले असतात. फिल्म थोडी चुकून थांबली, तर चित्र आणि ती काळी कड दोन्ही मिळूनच सरकतात. म्हणून छिद्र न धरता चौकटीची काळी कड धरावी. त्याने स्कॅनरची थरथर आणि नखीची थरथर दोन्ही एकदमच जातात. काकांच्या हाताचा कंप मात्र तसाच राहतो, कारण हात हलला तेव्हा कॅमेऱ्याबरोबर खिडकीही हलली होती. बटूभोवती माणसे कितीही फिरली तरी वाडा डोलणार नाही, कारण माणसांकडे आपण पाहतच नाही.

रीळघर

आपण माझी पद्धत सुधारलीत, मनापासून आभार. मी आजवर छिद्र धरून उरलेली थरथर चित्रावरून काढत आलो. एक अडचण मात्र दिसते. रात्रीच्या किंवा अंधाऱ्या दृश्यात चौकटीच्या आतही काळे आणि बाहेरही काळे, मग कड सापडणार कशी?

जुनी_लॅब

नाही सापडणार. तेथे छिद्रावर समाधान मानावे. मी चारही कडा मोजून त्यांपैकी ज्या स्पष्ट दिसतील त्यांचाच उपयोग करा असे सांगेन. अंगणातील दृश्यात वरची कड आकाशाला लागून असते, ती सहसा उत्तम सापडते. कॅमेऱ्याच्या खिडकीत केस किंवा धूळ अडकलेली असेल, तर तो भाग टाळावा.

आणखी एक गोष्ट. हे मूळचे सोळा मिलिमीटर रुंदीचे, पंचवीस फुटांचे रिळ. एकदा एका अर्ध्या भागावर चित्रण करायचे, मग कॅमेरा उघडून रिळ उलटे घालायचे आणि दुसऱ्या अर्ध्यावर चित्रण करायचे. धुतल्यानंतर प्रयोगशाळेत ते उभे चिरून दोन्ही तुकडे जोडले जात. म्हणून आपल्या पन्नास फुटांच्या बरोबर मध्याजवळ, म्हणजे दोन हजाराव्या फ्रेमच्या आसपास, एक जोड असणार. त्याच्या दोन्ही बाजूंना आणि रिळाच्या आरंभीअखेरीस उजेड शिरून कडा पांढुरक्या किंवा नारिंगी झालेल्या असतात. त्या पट्ट्यात छिद्राची कड आणि चौकटीची कड दोन्ही यंत्राला फसवतात. तेवढ्या फ्रेम हाताने जुळवा.

फिल्म चिरलेली असल्याने छिद्राकडची कड मूळची आणि दुसरी कड चिरेची असते. चिरणारी पाती सरळ चालली असतीलच असे नाही. आपले चित्र हळूहळू डावीउजवीकडे सरकते असे आपण लिहिले आहे. स्कॅनरने चिरलेल्या कडेला टेकवून फिल्म चालवली असेल, तर नेमके असेच दिसते.

एडिसन_न्यूजर्सी

येथे सुपर आठची चर्चा चालेल का? आमच्या 1974 च्या रिळांतही रंग उडाले आहेत. घरातील दिवाळीची दृश्ये पूर्ण नारिंगी आहेत, पण त्याच रिळात बागेतील दृश्ये उत्तम आहेत. हे रंग परत आणता येतील का?

रीळघर

एकाच रिळात बाहेरची दृश्ये चांगली आणि आतली नारिंगी असतील, तर रंग उडालेलेच नाहीत. दिव्याच्या उजेडात दिवसाच्या उजेडासाठीचे फिल्टर भिंगापुढे राहून गेले असावे. ओळखण्याची खूण अशी की, रंग उडाले असतील तर सावल्या तांबड्या होतात, आणि उजेड चुकीचा असेल तर पांढऱ्या वस्तूही रंगतात. आपल्या दृश्यातील पांढरा सदरा नारिंगी असेल, तर साधा व्हाइट बॅलन्स पुरेसा आहे. तो फक्त त्याच दृश्यांना लावा.

वैजयंती_नाशिक

चौकटीची वरची आणि डावी कड धरून रिळ स्थिर केले. ज्या 300 च्या आसपास फ्रेममध्ये कड सापडली नाही, तेथे छिद्र वापरले आणि मधल्या जोडाजवळच्या साठ फ्रेम हाताने बसवल्या. तुळशीवृंदावन आता जागचे हलत नाही. काकांचा हात हलतो तो दिसतो, आणि खरे सांगायचे तर तो मला तसाच हवा आहे.

आता रंगांकडे वळते. हे रिळ ओर्वोक्रोमचे आहे. स्वयंचलित समतोल लावला तर चेहरे हिरवट होतात आणि सावल्या तरीही तांबड्याच राहतात.

रीळघर

स्वयंचलित समतोल संपूर्ण चित्राची सरासरी करडी करू पाहतो. आपल्या चित्रात तांबडेपणा सगळीकडे सारखा नाही, म्हणून ते जमत नाही. घडले आहे ते असे. अशा फिल्ममध्ये तीन रंगद्रव्ये असतात आणि आपल्या रिळांत निळसर-हिरवे, म्हणजे सायन, द्रव्य सर्वांत जास्त उडाले आहे. तांबडा उजेड अडवण्याचे काम त्याचे. जेथे ते भरपूर होते, म्हणजे काळ्या भागांत, तेथील नुकसान सर्वांत जास्त दिसते. पांढऱ्या भागांत ते मुळातच नव्हते, म्हणून तेथे फारसा फरक पडत नाही. कोडाक्रोमची द्रव्ये अंधारात ठेवल्यास फार टिकाऊ असतात, त्यामुळे आपली ती तीन रिळे वाचली.

द्रव्याचा ठरावीक हिस्सा उडाला असे धरले, तर उरलेल्या घनतेला एका आकड्याने गुणून मूळ घनता मिळते. घनता गुणणे म्हणजे उजेडाच्या आकड्याला घातांक लावणे, साध्या शब्दांत तांबड्या वाहिनीचा गॅमा बदलणे. त्याआधी प्रत्येक वाहिनीतील सर्वांत स्वच्छ पांढरा एकवर आणावा लागतो.

या दोन्ही मापांसाठी पुन्हा फिल्मच्या दुर्लक्षित भागांकडे जाऊ. काळ्यासाठी दोन फ्रेममधील काळी पट्टी घ्या. तेथे उजेड कधी पडलाच नाही, म्हणून तिन्ही द्रव्ये पूर्ण भरलेली होती आणि ती पट्टी मूळची काळीच होती. छिद्रापासून दूर मोजा, जवळ उजेड सांडतो. पांढऱ्यासाठी छिद्र घेऊ नका, कारण तेथे फिल्मच नाही. चावीचा कॅमेरा सुरू होताना पहिली फ्रेम संथ चालीमुळे अतिउजळ होते, प्रत्येक शॉटच्या आरंभी अशी पांढुरकी फ्रेम आपल्याला दिसेल. तिच्यातील सर्वांत स्वच्छ जागा घ्या. आकडे येथे कळवा.

वैजयंती_नाशिक

वाचायला सोपे जावे म्हणून 255 च्या मापात देते. पट्टीत तांबडा 58, हिरवा 14, निळा 22. पांढुरक्या फ्रेमच्या स्वच्छ जागी तांबडा 236, हिरवा 230, निळा 232.

रीळघर

पट्टीतील आकड्याला पांढऱ्याच्या आकड्याने भागू. तांबडा 0.246, हिरवा 0.061, निळा 0.095. हिरवी वाहिनी सर्वांत कमी बिघडलेली दिसते, म्हणून तिला प्रमाण मानून उरलेल्या दोन्हींच्या पट्ट्या 0.061 वर आणायच्या. 0.246 चा वर्ग 0.061 येतो, म्हणून तांबड्याचा घातांक 2. निळ्यासाठी तो 1.2 च्या जवळ येतो, म्हणजे पिवळे द्रव्यही थोडे उडाले आहे. वर लिहिलेल्या क्रमातच, सोळा बिटांच्या फ्रेमवर, हे असे करता येईल.

```
white = np.array([59600, 59100, 60700])   # B, G, R
k     = np.array([1.2, 1.0, 2.0])
out   = 65535 * (im / white).clip(0, 1) ** k
```

एकाच डब्यातील, एकाच जागी ठेवलेल्या रिळांना बहुधा हेच आकडे चालतील, पण प्रत्येकाची पट्टी मोजूनच ठरवा.

मर्यादाही लक्षात असू द्या. घातांक 2 म्हणजे तांबड्या वाहिनीतील दाणेदारपणाही सावल्यांत जवळपास दुप्पट उठून दिसेल. दुकानाच्या पहिल्या MP4 वर हेच केले असते, तर आठ बिटांमुळे सावल्यांत पट्टे पडले असते. शिवाय मी हिरव्याला प्रमाण मानले ते सोयीसाठी. मॅजेंटा द्रव्यही थोडे उडालेच असणार, तेव्हा शेवटी चित्र किंचित फिके वाटेल आणि एकूण कॉन्ट्रास्ट नजरेने वाढवावा लागेल.

अनिकेत_ठाणे

मग `deflicker` ची गरजच उरत नाही का?

रीळघर

गरज उरते, पण तिची जागा बदलते. छिद्रावरून स्कॅनरची लुकलुक गेली, रंग सरळ झाले, त्यानंतर जी उरेल ती कॅमेऱ्याची किंवा फिल्मची. तेथे प्रत्येक शॉट वेगळा तोडून, आरंभीची पांढुरकी फ्रेम बाजूला ठेवून, लहान खिडकीने फिल्टर लावावे. धूळ काढण्याच्या आधी हे करावे, कारण धूळ काढणारी साधने मागच्यापुढच्या फ्रेमशी तुलना करतात आणि उजेड बदलता असला तर चांगला भागही धूळ समजून पुसतात. स्थिरीकरणही याच कारणासाठी धुळीच्या आधी.

जुनी_लॅब

धुळीबाबत एक सूचना. छिद्र आणि कड मोजून झाल्याशिवाय मूळ TIFF पुसू नका. पुढे कोणतीही नवी दुरुस्ती करायची झाली तर मापे तेथूनच घ्यावी लागतील.

वैजयंती_नाशिक

आपण दिलेले आकडे लावले. कोडाक्रोमच्या रिळातील आजीची नऊवारी शेजारी ठेवून पाहिली. ओर्वोक्रोममधील हिरवा आता खरोखर हिरवा आहे, जरा काळपट, पण त्याच लुगड्याचा आहे हे ओळखू येते. काठाचा तांबडा मात्र दोन्हींत सारखा नाही. कोडाक्रोममध्ये तो कुंकवासारखा आहे, येथे डाळिंबी. चेहऱ्यांवरही किंचित गुलाबीपणा राहिला आहे.

`deflicker` शॉटनुसार चालवले आणि आत्या आता भिंत न काळवंडता जाते. एक दोष उरला आहे. मुंजीच्या शेवटच्या भागात चित्राच्या उजव्या तिसऱ्या हिश्श्यातच उजेड कमीजास्त होतो, डावीकडे काहीच होत नाही. छिद्राचा उजेड तेथे स्थिर आहे.

रीळघर

डाळिंबी काठाचे उत्तर घातांकात नाही. द्रव्ये एकमेकांच्या रंगाचाही थोडा उजेड अडवतात, म्हणून एक वाहिनी सुधारली की दुसरीत थोडी चूक शिरते. आपल्याकडे त्याच लुगड्याचे कोडाक्रोम आहे, ही फार दुर्मीळ सोय आहे. काठ, पोत आणि चेहरा अशा पाचसहा जागा जुळवून वाहिन्यांचे मिश्रण किंचित बदलून पाहा. पण दोन्ही फिल्म नव्या असतानाही रंग सारखे दाखवत नव्हत्या, तेव्हा तंतोतंत जुळवण्याच्या मागे लागू नका.

उजव्या बाजूची लुकलुक फिल्ममध्येच आहे. दमट जागी ठेवलेल्या रिळाच्या बाहेरच्या वेढ्यांना बुरशी लागली की जिलेटिनच्या थराची घनता एकाच कडेला बदलते. संपूर्ण फ्रेमची सरासरी घेणारे फिल्टर तेथे निरुपयोगी आहे. फ्रेमचे उभे पट्टे करून प्रत्येकाची वेगळी सरासरी जुळवण्याचा प्रयत्न मी एकदा केला होता. स्थिर दृश्यात तो चालला, माणसे पट्ट्यांतून जाऊ लागली की पुन्हा आत्या आणि भिंत हाच प्रकार झाला.

जुनी_लॅब

बुरशी असेल तर ती आधी फिल्मवर पाहावी. रिळाचा शेवटचा भाग उजेडासमोर तिरपा धरून भिंगाने पाहा. चमकदार बाजूला जाळे दिसले तर ते पाठीवर आहे आणि जाणकाराकडून स्वच्छ करून पुन्हा स्कॅन केल्यास लुकलुक जाऊ शकते. मंद बाजूला, म्हणजे थरातच, खाल्ल्यासारखे डाग दिसले तर स्वच्छ करू नका, पाणी तर मुळीच लावू नका. बुरशीने खाल्लेला थर पाण्यात विरघळतो. पाहताना वासही घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ते रिळ इतरांपासून वेगळे ठेवा आणि उरलेल्या दहांच्या आधी त्याचेच स्कॅन करून घ्या.

वैजयंती_नाशिक

आत्ताच भिंगाने पाहिले. वास नाही. जाळे चमकदार बाजूला आहे, बाहेरच्या सातआठ वेढ्यांवर, छिद्रांच्या विरुद्ध कडेला. एके ठिकाणी मंद बाजूलाही एक डाग दिसतो, पण तो थरातला आहे की वर बसलेली धूळ आहे, हे मला ठरवता येत नाही. उद्या दिवसाच्या उजेडात दोन्ही बाजूंची जवळून छायाचित्रे घेऊन येथे देते. तोपर्यंत रिळ तसेच ठेवते.